तेलाचा डबा आणि अंगावरील मेद

रत्नागिरीस मांडवीच्या किनाऱ्यावर सायंकाळीं जमणारी मंडळी एके काळीं मुंबईच्या आगबोटीची वाट पाहत उभी राहत असे. आगबोटी गेल्या, आतां तेथें मंडळी फिरते ती बहुधा डॉक्टरांच्या आज्ञेवरून. वजन उतरावें म्हणून धक्क्यापर्यंत जावयाचें आणि परत यावयाचें, आणि चालतां चालतां जे विषय निघतात त्यांत आंबा व पाऊस यांच्या खालोखाल तेलाचा विषय असतो. कोणी सांगतो, शेंगदाण्याचें तेल जड, तें सोडा. कोणी सूर्यफुलाच्या तेलाचा पुरस्कार करतो. एखाद्याचा मुलगा कलकत्त्यास नोकरीला असतो, तो मोहरीच्या तेलाचे गुण गात घरीं येतो. आणि अलीकडे तर भाताच्या कोंड्याच्या तेलानें साऱ्यांवर मात केली आहे. ‘कोंड्याचें’ म्हटलें कीं तें हलकें असलेंच पाहिजे, अशी आपली समजूत. अशा रीतीनें एकाच घरांत दोन वर्षांत तीन तेलें बदलतात, आणि कमरेचा पट्टा मात्र पूर्वींच्याच भोंकाला लागत राहतो. असें कां व्हावें, याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

प्रथम तेल म्हणजे काय तें पाहूं. कोणतेंही खाद्य तेल घ्या, त्याची घडण एकच: ग्लिसरीनचा एक लहानसा कणा आणि त्याला जोडलेलीं तीन मेदाम्लें. शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल, कोंडा यांत फरक आहे तो या मेदाम्लांच्या जातींत. परंतु तीं शरीरांत जळलीं म्हणजे जी उष्णता मिळते ती जवळजवळ सारखीच, म्हणजे दर ग्रॅमला 9 उष्मांक. चहाच्या एका चमच्यांत साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतें, त्याचे 40 उष्मांक होतात. आणि हे 40 उष्मांक चमच्यांत कोणतें तेल आहे याची चौकशी करीत नाहींत. तेल पातळ दिसलें म्हणून तें हलकें होत नाहीं. साजूक तुपाची गोष्टही वेगळी नाहीं.

या जागीं वनस्पति तुपाची आठवण होते. 1937 सालीं ‘डालडा’ बाजारांत आला, तेव्हां शेंगदाण्याच्याच तेलावर हायड्रोजन वायूची क्रिया करून तें थिजविलेलें असे. तेल पातळ होतें तें घट्ट झालें, पण उष्मांक होते तेवढेच राहिले. हृदयाला मात्र त्या थिजविण्यांत उत्पन्न होणाऱ्या विकृत मेदाम्लांचा उपद्रव झाला, आणि म्हणून जानेवारी 2022 पासून सरकारनें त्यांचें प्रमाण तेला-तुपांत शेंकडा 2 च्या आंत आणिलें आहे. म्हणजे स्निग्ध पदार्थाचीं दोन खातीं आहेत: एक वजनाचें आणि दुसरें हृदय, यकृत व रक्त यांचें. तेलाची जात दुसऱ्या खात्यांत जमा होते. पहिल्या खात्यांत जमा होतो तो फक्त तोल. किनाऱ्यावरील बहुतेक वाद या दोन खात्यांची सरमिसळ झाल्यामुळें चालतो.

आतां दुसऱ्या खात्यापुरतीं हीं चार तेलें पाहूं. शेंगदाण्याच्या तेलांत जवळजवळ निम्मा भाग ऑलिव्हच्या तेलांत असतो त्या ओलिक जातीच्या मेदाम्लाचा; वास मोहक, आणि तळणाला चांगलें टिकणारें. कोंकणांत पूर्वीं खोबरेल व तिळाचें तेल वापरांत असे, शेंगदाण्याचें देशावरून घाट उतरून आलें. परंतु आज कोणाही रत्नागिरीकराच्या जिभेला तेंच घरचें वाटतें. सूर्यफुलाचें तेल आपल्याकडे अगदीं अलीकडचें आहे. 1969 सालीं रशियांतून बियाणें आलें तेव्हांपासून या पिकाची व्यापारी लागवड हिंदुस्थानांत सुरू झाली, आणि मग मराठवाड्यांतील शेतांत हीं पिवळीं फुलें दिसूं लागलीं. त्याच्या नेहमींच्या तेलांत साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलिक जातीचें मेदाम्ल असतें. तें रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरविण्यास उपयोगी, पण उष्णतेनें लवकर बिघडणारें. म्हणून फोडणीला ठीक, वारंवार तळणाला नव्हे.

मोहरीच्या तेलाची गोष्ट न्यारी. आपल्या घरांत मोहरी येते ती फोडणीला चिमूटभर आणि लोणच्याला डाळ म्हणून; तेल म्हणून ती बंगाल-बिहारची. त्या तेलांत संपृक्त मेदाम्लें चारही तेलांत सर्वांत कमी, आणि जवसांत असतें तें अल्फा-लिनोलेनिक मेदाम्लही त्यांत थोडें आहे. पण देशी मोहरीच्या तेलाचा फार मोठा वांटा एरुसिक नांवाच्या मेदाम्लाचा असतो. उंदरांना तें भरपूर चारलें असतां त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत मेद सांठला, म्हणून अमेरिकेंत हें तेल खाण्यासाठीं विकूं देत नाहींत. तें पिढ्यान् पिढ्या खाणाऱ्या बंगाली माणसांत तशी इजा सिद्ध झालेली नाहीं. तेव्हां ज्याला रुचेल त्यानें अधूनमधून खावें, पण वजन उतरविण्याचा कांहींही गुण त्यांत नाहीं. तिखट वासानें डोळ्यांतून पाणी येतें, त्यावरून तें चरबी जाळतें असा तर्क करणारे गृहस्थ आम्हांला भेटले आहेत. त्या न्यायानें कांदा चिरणारी प्रत्येक गृहिणी सडपातळ व्हावयास हवी होती.

कोंड्याच्या तेलावर थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण तें कोंकणांतील माणसाला आपलें वाटतें. भात आपला, शिरगांवच्या संशोधन केंद्रानें काढलेल्या ‘रत्नागिरी’ जातींचा. मग कोंडाही आपलाच. असें असतां आपल्या आजी-पणजीनें या कोंड्याचें तेल कधीं कां काढलें नाहीं? कारण असें कीं तांदळाच्या दाण्यावरील तांबूस सालींत शेंकडा 15 ते 20 तेल असलें, तरी तिच्यांतच लायपेज नांवाचें एक किण्वद्रव्य असतें. दाणा शाबूत असेपर्यंत तेल व किण्व हीं एकमेकांपासून दूर राहतात. गिरणींत दाणा सडला कीं दोन्ही मिसळतात, आणि थोड्याच दिवसांत कोंड्याला खंवट, कुबट वास येऊं लागतो. ज्यांनीं गुरांसाठीं कोंड्याचें पोतें आणून ठेविलें आहे, त्यांना हा वास पांच-सहा दिवसांत ओळखूं आला असेल. म्हणून या तेलासाठीं कोंडा गिरणींतून निघतांच वाफेनें तापवून किण्व मारावें लागतें, आणि मग द्रावकांत भिजवून तेल वेगळें करून शुद्ध करावें लागतें. हें घाण्याचें काम नव्हे. उकड्या तांदुळाचा कोंडा जास्त दिवस टिकतो तो याच कारणानें, कीं भात उकडतांना किण्व आधींच मरून जातें.

एवढें झाल्यावर जें हातीं येतें तें तेल आहे, कोंडा नव्हे. कोंड्यांतील चोथा, ज्यामुळें पोट भरल्यासारखें वाटतें व शौचास साफ होतें, तो सारा मागें पेंडींत राहतो. तेव्हां ‘कोंड्याचें म्हणून हलकें’ ही समजूत नांवावर आधारलेली आहे, वस्तूवर नव्हे. त्यांत ओरायझॅनॉल म्हणून एक द्रव्य आहे, आणि या तेलानें रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल थोडेंसें उतरतें असें प्रयोगांत दिसलें आहे. हा गुण खराच. पण कांहीं शुद्धीकरणांत ओरायझॅनॉलचा बराच भाग निघून जातो, म्हणून डब्यावर त्याचें प्रमाण छापलें असल्यास तें पाहून घ्यावें. मात्र हा जमाखर्च दुसऱ्या खात्याचा आहे.

मग मेदाम्लांच्या जातीचा अंगावरील चरबीशीं कांहींच संबंध नाहीं काय? या प्रश्नाला स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं 2014 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानें फार चांगलें उत्तर दिलें आहे. त्यांनीं सडपातळ बांध्याचे 39 तरुण स्त्री-पुरुष निवडले आणि सात आठवडे त्यांना नेहमींच्या जेवणाखेरीज मफिन नांवाचे लहान गोड केक खावयास दिले. अर्ध्यांच्या केकमध्यें पामचें तेल होतें, अर्ध्यांच्या केकमध्यें सूर्यफुलाचें. बाकी साखर, पीठ सारें सारखें. कोणाचा केक कोणत्या तेलाचा हें खाणाऱ्यांस ठाऊक नव्हतें. वजन शेंकडा 3 वाढेपर्यंत केकची संख्या कमी-जास्त करीत गेले. अखेरीस दोन्ही गटांचें वजन सारखेंच वाढलें, सरासरीनें 1.6 किलो. परंतु चुंबकीय यंत्रानें आंत पाहिलें तेव्हां फरक दिसला. पामतेल खाणाऱ्यांच्या यकृतांत व आंतड्यांभोंवतीं जास्त मेद सांठला होता; सूर्यफुलवाल्यांत त्या मानानें कमी सांठला, आणि वाढीपैकीं मोठा हिस्सा मांसाचा होता.

या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जास्तीच्या तेलानें वजन चढलें, आणि त्याला तेलाच्या जातीनें अटकाव केला नाहीं. जातीनें ठरलें तें एवढेंच, कीं चढलेला मेद कोठें बसावा. शिवाय येथें तुलना झाली ती पाम व सूर्यफूल यांची, म्हणजे संपृक्त मेदाम्लांनीं निम्मे भरलेल्या तेलाची आणि तीं थोडींच असलेल्या तेलाची. आपल्या चार तेलांत संपृक्ताचें प्रमाण मोहरींत शेंकडा 8 च्या सुमारास, सूर्यफुलांत 11, शेंगदाण्यांत 18 च्या आसपास आणि कोंड्याच्या तेलांत 20 च्या थोडें वर, एवढाच फरक. इतक्या फरकानें पोटाचा घेर मोजपट्टीवर बदलेल अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. आणि हाही प्रयोग वजन वाढवितांनाचा आहे, उतरवितांनाचा नव्हे, हेंही विसरतां कामा नये.

आतां घरच्या डब्याकडे वळूं, कारण खरी गोष्ट तेथें आहे. उदाहरणासाठीं मांडवींतील एक एकत्र कुटुंब कल्पूं: लहानमोठीं मिळून आठ माणसें, आणि 15 किलो शेंगदाणा-तेलाचा डबा साठ दिवस पुरतो. 15,000 ग्रॅमला साठानें भागलें कीं रोजचे 250, आणि आठांनीं भागलें कीं माणशीं 31 ग्रॅम, म्हणजे 280 उष्मांक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेंत बसणाऱ्या तज्ज्ञांनीं 2010 सालीं सुचविलेलें प्रमाण, बैठें काम करणाऱ्या पुरुषास 25 ग्रॅम आणि स्त्रीस 20 ग्रॅम, असें आहे. आणि त्यांत तूप-लोणीही धरलेलें आहे. आमच्या या घरानें तुपाची वाटी अद्याप हिशेबांत घेतलेलीच नाहीं.

समजा, या घरानें डॉक्टरांच्या सांगण्यावरून शेंगदाण्याऐवजीं कोंड्याचें तेल आणिलें, आणि डबा पूर्वींप्रमाणेंच साठ दिवसांत संपला. वजनाच्या खात्यांत फरक शून्य. उलट समजा, तेल तेंच ठेवून डबा पंचाहत्तर दिवस पुरविला. आतां माणशीं 25 ग्रॅम पडलें. रोजचे 56 उष्मांक कमी झाले. हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु अमेरिकेंतील केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं 2011 सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें, रोजच्या आहारांतून सुमारें 24 उष्मांक कायमचे कमी झाले कीं वजन अखेरीस एक किलोनें उतरतें. त्यांतला निम्मा उतार एका वर्षांत आणि जवळजवळ सारा तीन वर्षांत होतो. त्या मानानें 56 उष्मांकांना अखेरीस सव्वादोन किलोंच्या आसपास, पहिल्या वर्षांत किलोभराहून थोडें अधिक. अट एकच, कीं तेलाची उणीव बशीभर फरसाणानें भरून काढावयाची नाहीं.

येथें एका फसगतीचा उल्लेख केला पाहिजे. पंधराचे सर्वच डबे सारखे नसतात. कांहीं 15 किलोंचे असतात, कांहीं 15 लिटरचे. एक लिटर तेलाचें वजन सुमारें 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यांत 13.65 किलोच तेल असतें. किलोचा डबा घेणाऱ्या घरानें तेल बदलून लिटरचा डबा आणिला तर स्वयंपाक तोच असतां तो साठांऐवजीं 55 व्या दिवशींच संपेल, आणि सासूबाई म्हणतील कीं हें नवें तेल फार ‘पितें’. तेव्हां लेबलावर ग्रॅम किती हें वाचून मगच भागाकार करावा.

कोंकणांत आणखी एक खातें डब्याबाहेर असतें, तें म्हणजे नारळाचें. आमटीला, भाजीला, चटणीला, मोदकाला ओलें खोबरें. आणि ओल्या खोबऱ्याचा सुमारें तिसरा हिस्सा चरबी असते. मध्यम नारळाचा पाव किलो गर धरला तर त्यांत ऐंशी ग्रॅमच्या घरांत चरबी निघते. रोज एक नारळ फुटणाऱ्या आठ माणसांच्या घरांत ती माणशीं 10 ग्रॅम पडते. शेंगदाण्याच्या कुटाचेंही तसेंच: त्याचा जवळजवळ निम्मा भाग तेलच आहे. उपासाच्या दिवशीं साबूदाण्याच्या खिचडींत पडणारा कूट आणि फोडणीचें तूप यांचा हिशेब केला तर एकादशी दुप्पट खाण्याची कां, हें ध्यानांत येईल. नारळ सोडा असें आम्ही म्हणत नाहीं, आणि म्हटलें तरी रत्नागिरींत कोण ऐकणार? ज्या दिवशीं भाजीवर नारळ सढळ आहे त्या दिवशीं फोडणीचें तेल अर्धें करावें, एवढेंच सुचवितों.

तेल नेमकें कोठें जातें हें कळण्यास तळणासारखी उघड जागा नाहीं, आणि येथें घरांतला काटा फार उपयोगी पडतो. कढई तेलासकट तळण्यापूर्वीं तोलावी, तळण झाल्यावर पूर्ण निवल्यानंतर पुन्हां तोलावी. समजा 24 पुऱ्या तळल्या आणि 90 ग्रॅम तेल कमी भरलें, तर पुरीमागें पावणेचार ग्रॅम, म्हणजे पुरीच्या पोटांत जवळजवळ एक चमचा तेल गेलें. ‘हें तेल कमी शोषलें जातें’ अशी जाहिरात असेल तर तिची परीक्षाही याच रीतीनें घरच्या घरीं होते. मात्र पीठ, पुरीचा आकार आणि आंच तींच ठेवावी. आमचें मत असें कीं तेलाच्या जातीपेक्षां तळणाऱ्याच्या हाताचा वांटा मोठा असतो. पदार्थ कढईंत असेपर्यंत त्यांतील पाण्याची वाफ बाहेर पडत असते व तेलाला आंत शिरूं देत नाहीं. तो बाहेर काढला, निवूं लागला, आंतली वाफ थिजली, कीं पृष्ठभागावरचें तेल आंत ओढलें जातें. म्हणून पुरी काढतांच झाऱ्यावर उभी धरून निथळावी आणि गरम असतांनाच टिपावी. परातींत एकावर एक रचून ठेविल्यास वरची पुरी खालचीला आपलें तेल दान करते. मंद आंचेवर तळलेली पुरी तर कढईंत अधिक वेळ राहते व तेलानें थबथबते.

पुन्हां पुन्हां तापविलेलें तेल जाडसर होतें, तें पदार्थाला चिकटून राहतें. तें ओळखण्यास यंत्र नको: रंग काळवंडतो, फेंस येऊन लवकर बसत नाहीं, आणि पूर्वींपेक्षां कमी आंचेवर धूर येऊं लागतो. अन्न-सुरक्षा प्राधिकरणानें जुलै 2018 पासून तळणाच्या तेलांतील बिघडलेल्या द्रव्यांची मर्यादा शेंकडा 25 ठरविली आहे ती दुकानदारांसाठीं. घरीं मात्र हीं तीन चिन्हें दिसलीं कीं तें तेल बाजूस सारावें. सूर्यफुलाच्या तेलांत तीं सर्वांत आधीं दिसतात.

मग डबा कोणता आणावा? ज्यांचें कोलेस्टेरॉल चढलेलें आहे त्यांनीं कोंड्याचें किंवा सूर्यफुलाचें तेल रोजच्या फोडणीला, आणि दिवाळीच्या तळणाला शेंगदाण्याचें, अशी वांटणी आम्हांला बरी वाटते. बाकीच्यांनीं जिभेला रुचेल तें वापरावें. परंतु कोणतेंही आणिलें तरी झांकणावर खडूनें तो फोडल्याची तारीख लिहावी, आणि तेल ओतावयाचें तें डब्यांतून थेट नव्हे, रोज सकाळीं एका लहान वाटींत मोजून काढावें. आठ माणसांच्या घरास 200 ग्रॅमची वाटी पुरते. सायंकाळीं ती रिकामी झाली असेल तर त्या रात्रीं भाजी परतण्याऐवजीं वाफवून घ्यावी. पहिला हिशेब दोन डब्यांनंतर करावा, एका डब्यावरून निष्कर्ष काढूं नये. आणि गणपतीचे दिवस त्यांतून वगळावे, कारण त्या दिवसांत कोंकणांतील कोणाही घराचा डबा आपली खरी चाल सांगत नाहीं.